डोळा आधी कुठे जातो? कॉमिकच्या पानाचा वाचनक्रम तपासताना

मराठी कॉमिकचं पान आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. ही सवय इतकी पक्की असते की सरळ रांगांच्या पानावर क्रम तपासायची फारशी गरज पडत नाही. तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत दोन चौकटी असतील, तर वाचक चुकत नाही. घोळ सुरू होतो रांग मोडल्यावर, आणि रांग मोडायची सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे डावीकडे एकाखाली एक दोन छोट्या चौकटी आणि उजवीकडे त्या दोघींच्या उंचीची एक उभी चौकट.

ही मांडणी दिसायला छान असते. उभ्या चौकटीत उंच दार दाखवता येतं, जिना दाखवता येतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभा करता येतो. पण तिच्यात एक दुफाटा आहे. वाचकाने डावीकडची वरची चौकट वाचली. आता त्याने उजवीकडे उभ्या चौकटीत जायचं की खाली दुसऱ्या छोट्या चौकटीत? डावीकडून उजवीकडे जायची सवय त्याला एकीकडे ओढते आणि चौकटींचा आकार दुसरीकडे. पान तपासायचं कसं हे समजून घ्यायला ही एकच मांडणी पुरेशी आहे, कारण चौकटींचा क्रम, त्यांच्यामधली फट आणि संवादाचे फुगे हे तिन्ही इथे एकमेकांत गुंतलेले असतात.

एक पान समोर ठेवू. कडेची मोकळी जागा सोडून चित्राला १५० मिलिमीटर रुंदी आणि २४० मिलिमीटर उंची मिळाली आहे. वरच्या रांगेत पहिली चौकट, पूर्ण रुंदीची: एक मुलगी कंदील घेऊन माळ्यावर येते. मधल्या रांगेत आपली अडचणीची मांडणी. डावीकडे वर चौकट २, तिच्यात मुलगी उघड्या पेटाऱ्याजवळ वाकून विचारते, "हा पेटारा उघडा कसा?" आणि पुढे, "कुलूप कुठे गेलं?" तिच्याखाली चौकट ३, बिनशब्दांची: जमिनीवर पडलेलं कुलूप, त्यात अडकलेली किल्ली, किल्लीला लाल दोरा. उजवीकडे उभी चौकट ४: जिन्याशी तिचा भाऊ उभा, गळ्यात तुटलेला लाल दोरा, आणि तो म्हणतो, "मी उघडला." खालच्या रांगेत चौकट ५ आणि ६.

पानाची सगळी गंमत ३ आणि ४ च्या क्रमात आहे. आधी किल्लीचा दोरा दिसला, तर भावाच्या गळ्यातला दोरा पाहून वाचक स्वतःच ओळखतो, आणि भावाची कबुली नंतर येते. आधी भाऊ दिसला, तर तिसरी चौकट म्हणजे शिळी बातमी. क्रम चुकला तरी अशा पानावर गोष्ट कळते, फक्त तिची धार जाते. म्हणूनच ही चूक लवकर पकडली जात नाही. वाचक "कळलं नाही" असं म्हणत नाही, तो फक्त थंडपणे पान उलटतो.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे फक्त रिकाम्या चौकटी पाहणं. चित्र आणि फुगे दोन्ही झाकायचे. कागदावर काम असेल तर ट्रेसिंग पेपरवर नुसत्या चौकटी काढायच्या, संगणकावर असेल तर बाकीचे लेयर बंद करायचे. मग पान छोटं करून, हाताच्या अंतरावरून बघायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: कोणती फट अखंड जाते?

दोन चौकटींमधल्या या फटीला गटर म्हणतात. ती चौकटी वेगळ्या करते, तशीच त्यांचे गटही पाडते. चार सारख्या चौकटींच्या मधोमध उभी आणि आडवी फट अधिकच्या चिन्हासारखी एकमेकींना छेदते. तिथे कोणतीच फट दुसरीला अडवत नाही, म्हणून डोळा सवयीने आडवा जातो. आपल्या मधल्या रांगेत मात्र २ आणि ३ मधली आडवी फट उजवीकडे जाता जाता उभ्या फटीला धडकते आणि तिथेच संपते. उभी फट वरपासून खालपर्यंत अखंड आहे. अखंड फट भिंतीचं काम करते आणि तिच्या डावीकडचं सगळं एका गटात येतं. नील कोहन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना रिकाम्या चौकटींची पानं देऊन वाचायच्या क्रमाने आकडे घालायला सांगितलं होतं. अशा अडवलेल्या मांडणीत बहुतेकांनी आडवं न जाता आधी खालची चौकट घेतली. म्हणजे आकार आपल्या बाजूने आहे. बिघडवतो तो फटींचा हिशोब.

समजा चित्रकाराने २ आणि ३ मध्ये ८ मिलिमीटर जागा सोडली आणि या दोघींच्या व चौथ्या चौकटीच्या मध्ये फक्त ३. कुलूप जरा सुटं, एकाकी दिसावं एवढाच त्याचा हेतू. पण जवळच्या गोष्टी डोळा एकत्र धरतो. आता दुसऱ्या चौकटीला चौथी जास्त जवळ आहे आणि तिसरी लांब पडली आहे. आकार खाली जायला सांगतो, अंतर उजवीकडे, आणि वाचक अर्धा क्षण थबकतो. तेवढ्यात सवय जिंकते आणि तो उजवीकडे जातो.

दुरुस्ती सोपी आहे. ज्या चौकटी सलग वाचायच्या त्यांच्यातली फट सगळ्यात अरुंद, एका गटातून दुसऱ्या गटात जाताना त्याहून थोडी रुंद, आणि रांगांमधली सगळ्यात रुंद. आपल्या पानावर २ आणि ३ मध्ये ३ मिलिमीटर, त्यांच्या व चौथीच्या मध्ये ५, आणि रांगांमध्ये ६ ठेवू. मधली रांग १०० मिलिमीटर उंच आहे, तर डावीकडचा हिशोब ४८ अधिक ३ अधिक ४९ असा बसतो, आणि रुंदीत ७० अधिक ५ अधिक ७५. हे आकडे याच पानापुरते आहेत, मोठ्या पानावर ते वाढतील. जपायचा तो त्यांचा चढता क्रम. फरक डोळ्याला जाणवेल इतका तरी हवाच. ३ आणि ३.५ मधला फरक वाचकाला हेतू वाटत नाही, हात हलल्यासारखा वाटतो. तसंच तिसऱ्या चौकटीची खालची कड आणि चौथीची खालची कड एका रेषेत असायला हव्यात. तिथे दीड-दोन मिलिमीटरचा फरक राहिला, तर रांगेखालची अखंड फट वाकडी दिसते आणि पुढच्या रांगेत उतरताना डोळा अडखळतो.

आता चित्र पुन्हा उघडायचं, फुगे अजून झाकलेलेच ठेवायचे. इथे एक फसवी गोष्ट शोधायची असते. चौथ्या चौकटीत माळ्याची आडवी तुळई काढली आहे आणि ती नेमकी २ आणि ३ मधल्या फटीच्या उंचीवर आली आहे, असं धरू. चौकट एकच असली तरी डोळ्याला ती फट तुळईच्या रूपाने पुढे चालू राहिल्यासारखी दिसते. उभी चौकट दोन तुकड्यांत मोडते, अधिकचं चिन्ह परत येतं, आणि वाचक २ वरून सरळ तुळईच्या वरच्या भागात शिरतो. तुळई दहाएक मिलिमीटर वर-खाली सरकवली की हे मिटतं. टेबलाची कड, खिडकीची चौकट, क्षितिजाची रेषा यांच्याकडेही याच नजरेने बघायचं.

याच टप्प्यावर चौथ्या चौकटीतून बाहेर पडायचा रस्ताही तपासायचा. वाचक तिथून निघतो तेव्हा पानाच्या उजव्या बाजूला असतो आणि त्याला पाचवीसाठी थेट डावीकडे परत यायचं असतं. हा लांब पल्ला त्याला सुखरूप पार करता येतो, कारण रांगेखालची फट पूर्ण रुंदीभर अखंड आहे. पण भावाचा पाय चौकट फोडून खालच्या फटीत उतरवला, तर पायाच्या बरोबर खाली सहावी चौकट आहे आणि डोळा पायावरून घसरत तिच्यातच पडतो. चौकट फोडून बाहेर येणारं चित्र हा जोरदार बाण असतो. तो वापरायचाच असेल तर पुढच्या चौकटीकडेच वळलेला हवा, आणि इथे तशी सोय नाही. पाय आत घ्यावा.

यानंतर फुगे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. वाचकाचा डोळा पानावर पुढचा मजकूर शोधत फिरतो. म्हणून चौकटींनी बांधलेला क्रम दोन फुगे मिळून सहज मोडू शकतात, आणि बिनशब्दांची चौकट कायम धोक्यात असते. तपासायची पद्धत मघाच्या उलट: आता चित्र झाका आणि फक्त फुगे ठेवा. एका फुग्याच्या मध्यापासून पुढच्या फुग्याच्या मध्यापर्यंत, वाचायच्या क्रमाने, हलकी रेषा ओढत जा. रेषा स्वतःलाच छेदत असेल, किंवा रांग संपलेली नसताना डावीकडे वर परत जात असेल, तर तिथे दुखणं आहे.

आपल्या पानाच्या पहिल्या मांडणीत ही रेषा काय दाखवते? दुसऱ्या चौकटीतला "कुलूप कुठे गेलं?" हा फुगा उजव्या कडेला आहे, कारण तिथे जागा रिकामी होती. चौथ्या चौकटीतला "मी उघडला" वर डाव्या कोपऱ्यात आहे, कारण पहिला फुगा वर डावीकडे ठेवायचा असं शिकवलेलं असतं. दोन्ही एकाच उंचीवर, मध्ये जेमतेम बोटभर अंतर. एक प्रश्न, एक उत्तर. कोणताही वाचक हे सलगच वाचणार. तिसऱ्या चौकटीत शब्द नाहीत, म्हणजे तिच्याकडून हाकही येत नाही. फटी कितीही नीट ठेवल्या तरी इथे क्रम तुटेल. वर डावीकडे ठेवण्याचा नियम चुकीचा नाही, पण तो एका चौकटीच्या आतला नियम आहे. शेजारच्या चौकटीत काय चाललंय हे त्याला दिसत नाही.

दुरुस्तीत दोन्ही फुगे हलवायचे. "हा पेटारा उघडा कसा?" वर डावीकडेच राहील. "कुलूप कुठे गेलं?" दुसऱ्या चौकटीच्या तळाशी आणायचा आणि फटीवरून खाली तिसऱ्या चौकटीत पाचएक मिलिमीटर उतरू द्यायचा. फटीवर बसलेला फुगा दोन चौकटींना शिवून टाकतो. वाचक प्रश्न वाचून संपवतो तेव्हा त्याची नजर आधीच कुलपाच्या चौकटीत असते, आणि उत्तर खालीच पडलेलं असतं. मात्र मग तिसऱ्या चौकटीचा वरचा पट्टा फुग्याखाली जाणार, म्हणून कुलूप चौकटीच्या खालच्या भागात हवं. किल्लीचा दांडा उजवीकडे वळवला तर नजर तिथून आपसूक चौथीकडे निघते. चौथ्या चौकटीत वरचा अर्धा भाग जिन्याच्या अंधाराला द्यायचा आणि भाऊ खालच्या अर्ध्यात उभा करायचा. त्याचा फुगा चेहऱ्याच्या डावीकडे, चौकटीच्या मध्याच्या थोडा खाली. तिसऱ्या चौकटीतून उजवीकडे येणारा डोळा नेमका तिथेच पोचतो, आणि दुसऱ्या चौकटीतून उजवीकडे पाहणाऱ्याला तिथे फक्त अंधार दिसतो.

पाचव्या चौकटीत वेगळी अडचण आहे. मुलगी डावीकडे पेटाऱ्याशी बसलेली, भाऊ उजवीकडे उभा, आणि आधी भाऊ बोलतो: "आत काय आहे ते बघायचं होतं." मग मुलगी: "आणि मग?" दोन्ही फुगे आपापल्या माणसाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी ठेवले, तर वाचक डावीकडचा "आणि मग?" आधी वाचेल. भावाचा फुगा थोडा वर सरकवला की झालं, असं वाटतं, पण थोडं पुरत नाही. पट्टी आडवी ठेवून बघा: पहिल्या फुग्याची खालची कड दुसऱ्याच्या वरच्या कडेच्याही वर आहे का? असेल तर वरचा आधी वाचला जातो, तो डावीकडे असो वा उजवीकडे. दोघांच्या उंचीचा काही भाग सामाईक असेल, तर डावीकडच्याचंच पारडं जड राहतं.

पाचवी चौकट ६२ मिलिमीटर उंच आहे. भावाचा फुगा १४, त्याखाली ३ ची मोकळी जागा, मुलीचा फुगा १२, आणि वर ३ सोडलेले, असे ३२ मिलिमीटर फुग्यांनी घेतले. डावीकडे मुलीसाठी उरले ३०. ती बसलेली आहे म्हणून डोकं मावतं, उभी असती तर फुगा तिच्या कपाळावर आला असता. भाऊ उभा आहे, पण त्याच्या बाजूला एकच फुगा आहे, त्यामुळे १७ मिलिमीटरच्या खाली त्याचं डोकं बसतं. हा हिशोब कच्च्या आराखड्यातच करावा लागतो. शाई झाल्यावर जागा शोधत बसलं की फुगा हातांवर नाही तर चेहऱ्यावर जातो. जागा पुरतच नसेल, तर माणसांच्या जागा बदलायच्या आणि आधी बोलणाऱ्याला डावीकडे आणायचं. पण भाऊ चौथ्या चौकटीत उजवीकडे होता आणि सहाव्यातही उजवीकडेच असेल, तर पाचवीत तो एकदम डावीकडे गेल्यावर वाचकाला खोलीची दिशा कळेनाशी होते. मग एकतर तो चालत पलीकडे गेला हे दाखवावं लागतं, नाहीतर संवादाचा क्रमच लेखकाशी बोलून बदलावा लागतो. दोन शब्दांचा बदल कधीकधी अख्खी चौकट पुन्हा काढण्यापासून वाचवतो.

फुग्याच्या शेपटीबद्दल थोडक्यात. ती तोंडाच्या दिशेने वळलेली हवी, आणि फुगा ते डोकं या अंतराच्या साधारण निम्म्यावर किंवा थोडी पुढे जाऊन थांबायला हवी. अगदी ओठांना टेकलेली शेपूट चेहरा बिघडवते, फार आखूड ठेवली तर गर्दीत कोण बोलतंय ते कळत नाही. दोन शेपट्या एकमेकींना छेदत असतील, तर फुग्यांचा क्रम मुळातच चुकलाय असं समजून मागे जायचं. आणि फुग्याची कड चौकटीच्या रेषेला किंवा पात्राच्या खांद्याला नुसती चाटून जाऊ देऊ नये. एकतर स्पष्ट अंतर ठेवा, नाहीतर स्पष्टपणे वर चढवा. नुसत्या टेकलेल्या दोन रेषा एकाच वस्तूच्या वाटतात आणि नजर तिथे अडकते.

देवनागरीत फुगा आखताना एक जादा काळजी लागते. रफार, मात्रा आणि अनुस्वार वर जातात, उकार खाली लोंबतात, आणि ओळी जवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि तेवढाच मजकूर जास्त उंची मागतो. अंदाजाने काढलेला फुगा हमखास लहान पडतो, मग तो वाढवताना शेजारच्या फुग्याच्या उंचीत शिरतो, आणि मघाची पट्टीची चाचणी नापास होते. म्हणून रिकामे फुगे काढून नंतर मजकूर भरण्यापेक्षा, खरा मजकूर खऱ्या आकारात आधी बसवून त्याभोवती फुगा काढावा.

शेवटची चाचणी माणसावर. पान प्रत्यक्ष ज्या आकारात छापायचंय त्या आकारात काढून, गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्याच्या हातात द्या आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला सांगा. आपण मध्ये काही बोलायचं नाही, फक्त बोट बघायचं. ते दुसऱ्या चौकटीनंतर किती थांबतं, तिसरीवर जातं का, चौथीतून सुटून कुठे उतरतं, ते नोंदवून ठेवा. वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. विचारा, "पेटारा कोणी उघडला हे तुला कधी कळलं?" "दोरा बघितला तेव्हा" असं उत्तर आलं, तर क्रम लागला आहे. "तो म्हणाला ना, मी उघडला" असं आलं, तर तिसरी चौकट निसटली किंवा तिच्यातला दोरा दिसला नाही. बोट तिसरीवर गेलं नसेल तर आधी फुगे हलवा, त्याने भागलं नाही तर फटी. बोट गेलं होतं आणि तरी उत्तर तेच आलं, तर मांडणीला हात लावू नका. दोरा मोठा आणि ठळक काढा, आणि पान दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, कारण पहिल्या वाचकाला आता गोष्ट माहीत झालेली आहे.